उजेड कुठून येतोय ते आधी ठरव

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांचं एकच वाक्य होतं, आणि भुसावळमधल्या माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलांना ते अजून पाठ असेल. टेबलावर एक लोटा, एक खोका, मागे चुण्या पाडून टाकलेलं कापड, आणि आम्ही सगळे पाट मांडीवर घेऊन बसलेलो. पेन्सिल कागदाला टेकवायच्या आत सर मागून यायचे आणि म्हणायचे, "उजेड कुठून येतोय ते आधी ठरव." डावीकडच्या खिडकीतून येतोय ना, मग लोट्याची उजवी बाजू काळी, तिथे फोर बी, मध्ये एचबी, जिथे उजेड थेट पडतो तिथे कागद कोरा सोडायचा, आणि टेबलावर सावली पडली पाहिजे, नाहीतर लोटा हवेत तरंगतो. एलिमेंटरीला मी हे सगळं केलं, इंटरमिजिएटलाही केलं, दोन्हीकडे ग्रेड मिळाली, आईने पेढे वाटले.

पुढची कितीतरी वर्षं मला वाटायचं की चित्र काढणं म्हणजे हेच. लोटा गोल आहे हे दाखवायचा दुसरा मार्ग असू शकतो असं कधी डोक्यातच आलं नाही.

भुसावळहून अजिंठा काही लांब नाही. लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा माकडं आणि लेण्यांबाहेरच्या पायऱ्या एवढंच लक्षात राहिलं. मग थेट चाळिशीत गेले, एकटी, डिसेंबरातल्या एका सकाळी, फर्दापूर फाट्यावरून शटल बस पकडून. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावायला चार-पाच मिनिटं लागतात, मग मागच्या भिंतीवर गर्भगृहाच्या डाव्या हाताला पद्मपाणी हळूहळू वर येतो. हातात निळं कमळ, मान कललेली, डोळे खाली. मी बघत उभी राहिले आणि सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, उजेड कुठून येतोय ते शोधायला लागले.

सापडेना. चेहरा तर गोल आहे, गाल भरीव आहे, नाकाचा दांडा पुढे आलेला कळतोय, म्हणजे छटा आहेत. पण डावीकडून उजेड म्हणावा तर डाव्या कडेलाही रंग गडद होत गेलाय आणि उजव्या कडेलाही. नाकावर, ओठावर, हनुवटीवर पांढुरके ठिपके आहेत, पण ते खिडकीतून आलेल्या उजेडाचे नाहीत, शरीराचा जो भाग आपल्याकडे पुढे आलाय तो उजळ आणि जो मागे वळतोय तो गडद, एवढाच हिशोब. जमिनीवर सावली कुठेच नाही. इतकी माणसं, झाडं, खांब, माकडं, मोर, आणि कुणाचीच सावली पडलेली नाही.

त्याच लेण्यात आत गर्भगृहात बुद्धाची मोठी मूर्ती आहे. तिथला माणूस टॉर्च घेऊन आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग समोरून उजेड टाकतो, आणि मूर्तीचा चेहरा तीन वेळा बदलतो, एकदा हसरा, एकदा गंभीर, एकदा ध्यानात. सगळे पर्यटक ओह करतात. मला मात्र त्या क्षणी दारातून मागे वळून बाहेरच्या भिंतीकडे बघावंसं वाटलं. दगडाच्या मूर्तीला उजेड लागतो, तो बदलला की तीही बदलते. चित्रकाराने मात्र बाहेरच्या उजेडाशी संबंधच ठेवलेला नाही, पद्मपाणी जसा आहे तसाच राहतो. एकाच खोलीत, एकाच काळात, पाचव्या शतकाच्या शेवटाकडे काम करणाऱ्या लोकांना हे दोन्ही माहीत होतं.

तिथून परत आल्यावर मला सरांच्या वाक्याचा माग काढायचा होता. ते वाक्य भुसावळला आलं कुठून?

आलं लंडनहून, व्हाया मुंबई. आपल्याकडच्या ग्रेड परीक्षांचं मूळ ब्रिटिश काळातल्या ज्या ड्रॉइंग परीक्षांमध्ये आहे त्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी जोडलेल्या होत्या, आणि जे.जे.चा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशाळेवरून घेतलेला. सर जमशेटजी जीजीभाईंनी 1853 मध्ये एक लाख रुपये देऊ केले, शाळा 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत सुरू झाली, 1866 मध्ये सरकारने कारभार हातात घेतला. मद्रासची शाळा त्याआधी 1850 ची, कलकत्त्याची 1854 ची. ह्या शाळा काढण्यामागे चित्रकार घडवावेत असा मुख्य हेतू नव्हता हे आपण विसरतो. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानातलं कापड, भांडी, कोरीव काम बघून तिकडचे डिझाइनवाले थक्क झाले होते, आणि यंत्राच्या मालापुढे हे कसब मरू नये, कारागिरांना शिस्तशीर शिक्षण मिळावं, असा विचार होता. मात्र शिस्तशीर शिक्षण म्हणजे त्यांच्याकडे जे तयार होतं तेच. ज्यांच्या नक्षीवर ते खूश झाले त्यांनाच नक्षी शिकवायला पुस्तक पाठवलं, ह्यातला विरोधाभास त्यांच्यातल्या काहींना दिसतही होता, पण पुस्तक आलंच.

त्या पुस्तकात 23 पायऱ्या होत्या. आधी पट्टी-कंपासची रेघ, मग छापील चित्रावरून हाताने बाह्यरेषा, मग ठोकळे, मग छापील चित्रावरून छटा, मग प्लास्टरच्या ठशावरून छटा, मग माणसाचं शरीर, आणि पुढे रंग, रचना वगैरे. प्लास्टरचे ठसे म्हणजे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या नकला, बोटीतून आलेल्या. एक पांढरा पुतळा घ्यायचा, एका बाजूच्या खिडकीसमोर ठेवायचा, आणि खडूने किंवा पेन्सिलने ठिपका ठिपका करत अशी छटा भरायची की कागदावर रेघ उरताच कामा नये, नुसता उजेड आणि अंधार. एका पुतळ्याला आठवडेच्या आठवडे जायचे. पुतळा पांढराच का, तर रंगाचा अडथळा नको, फक्त उजेड वाचता यावा. आमचा लोटा, खोका आणि कापड ही त्याचीच स्वस्त आवृत्ती.

ही पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. डोळ्याला खरंच धार येते. पण एक गोष्ट ती फार खोलवर शिकवते, की रेघ ही तात्पुरती आहे. रेघ म्हणजे मचाण, इमारत उभी राहिली की काढून टाकायची. माणसाच्या गालाला कुठे रेघ असते, असं आमचे सर म्हणायचे, आणि बरोबरच म्हणायचे.

आता जे.जे.तली मुलं अजिंठ्याला गेली तेव्हा काय झालं, ते मला ह्या सगळ्या वादातलं सगळ्यात बोलकं प्रकरण वाटतं. पाश्चात्त्य की देशी हा वाद आपल्याकडे नेहमी मुंबई विरुद्ध बंगाल असा सांगतात, लेख विरुद्ध लेख, साहेब विरुद्ध साहेब. पण त्याच्या कितीतरी आधी तो वाद भिंतीसमोर, ब्रश हातात धरलेल्या मुलांच्या बोटांत झालेला आहे.

1865 मध्ये जे.जे.मध्ये दोन तरुण इंग्रज शिक्षक आले. एक लॉकवुड किपलिंग, शिल्पकाम शिकवायला, ज्याची शिल्पं क्रॉफर्ड मार्केटवर अजून आहेत आणि ज्याचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षी शाळेच्या आवारातच जन्मला. किपलिंग 1875 मध्ये लाहोरला गेला. दुसरा जॉन ग्रिफिथ्स, सजावटी चित्रकला शिकवायला, तो तीस वर्षं राहिला. 1872 च्या हिवाळ्यापासून ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला सुरुवात केली. त्याच्या आधी मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल हा अधिकारी 1844 पासून कित्येक वर्षं तिथे एकटा हेच काम करत होता, त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला टांगलेल्या असताना 1866 च्या डिसेंबरातल्या आगीत जळाल्या, म्हणून परत करणं आलं. (हा गिल आमच्या भुसावळलाच पुरलेला आहे. शाळेत असताना आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.)

ग्रिफिथ्सचं काम 1885 पर्यंत चाललं. तुकडीचा म्होरक्या म्हणजे पेस्तनजी बोमनजी, मुंबईचा पारशी तरुण, पुढे पोर्ट्रेटसाठी नावाजलेला. बाकी मराठी आणि पारशी मुलं. ही मुलं गेली तेव्हा लेणी आजच्यासारखी झाडूनपुसून ठेवलेली नव्हती, वटवाघळं होती, भिंतीवर धूर आणि घाण होती, आणि उजेड दारातून येईल तेवढाच. मुक्काम थंडीत करायचा, कारण पावसात रस्ता नाही आणि उन्हाळ्यात दगड तापतो.

नकला कॅनव्हासवर आणि तैलरंगात केल्या. इथेच सगळी गोम आहे.

भिंतीवरचं मूळ काम कसं आहे ते आधी बघा. छिन्नीने खरबरीत ठेवलेला दगड, त्यावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू, वाळू, आणि त्यावर चुन्याचा अगदी पातळ पांढरा हात. हे सुकल्यावर त्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात घोटलेले रंग, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि परदेशातून आलेला तो महागडा निळा दगड, लाजवर्द. चित्रकार आधी गेरूने रेखाटतो, मग रंगाचे सपाट हात देतो, मग छटा, आणि शेवटी परत एकदा गडद तपकिरी किंवा काळ्याने रेघ मारतो. म्हणजे रेघ पहिली पण आणि शेवटची पण. मचाण नाहीच ते, ती इमारत आहे. चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, छटेला वर्तना म्हणतात आणि तिचे तीन प्रकार सांगितलेत, पानाच्या शिरांसारख्या रेघांची, अगदी बारीक एकजीव, आणि ठिपक्यांची. तिथेच असंही म्हटलंय की आचार्य लोक रेषेचं कौतुक करतात, जाणकार छटेचं, बायका दागिन्यांचं आणि बाकीचे झगझगीत रंगांचं. बायकांबद्दलचं सोडून द्या, पण आचार्यांच्या यादीत रेषा पहिली आहे.

आता पद्मपाणीची एक भुवई घ्या. जवळून बघितलं (जवळून म्हणजे कठड्याच्या अलीकडून, जेवढं बघू देतात तेवढं) तर ती एका दमात ओढलेली आहे हे कळतं. नाकाच्या बाजूला बारीक सुरू होते, मध्ये ब्रश जरा दाबलाय म्हणून जाड, आणि कानाकडे जाताना उचललाय म्हणून परत बारीक. पाण्यातला रंग आणि तहानलेला चुना, त्यामुळे रेघ टेकली की लगेच शोषली जाते, दुरुस्ती नाही. हात थांबला असता तर तिथे गाठ दिसली असती.

तैलरंगात हे करायला जा. रंग लोण्यासारखा, तासन्‌तास ओला, कॅनव्हासला दात. एका दमात लांब रेघ ओढली तर रंग मध्येच संपतो. पातळ करून ओढली तर खालच्या ओल्या रंगात मिसळते आणि कड मऊ होते. मग माणूस काय करतो, छोट्या छोट्या टेक्यांनी रेघ बांधतो. आणि बांधलेली रेघ आणि ओढलेली रेघ ह्यातला फरक लहान मुलालासुद्धा दिसतो. त्यात ह्या मुलांच्या हाताला पाच वर्षं काय शिकवलेलं, तर कड विरघळव, रेघ दिसू देऊ नको. ग्रिफिथ्सच्या नकलांच्या छापील प्रतिमा मी तासन्‌तास बघितल्या आहेत. अफाट काम आहे, भिंतीचे पोपडे, भेगा, उडालेले भाग सगळं प्रामाणिकपणे रंगवलंय, कुठेही आपल्या मनाने जोडून पूर्ण केलेलं नाही, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते. पण चेहरे बघा. गालावर कुठेतरी एका बाजूने उजेड हळूच शिरलाय असं मला वाटत राहतं. भुवया थोड्या लोकरीसारख्या झाल्यात. हात जड झालेत, जणू त्यांच्या आत स्नायू आहेत. मुलांनी जाणून केलं नाही ते. त्यांच्या बोटांनी केलं.

मी स्वतः करून बघितलं म्हणून एवढं बोलतेय. त्या सहलीनंतर दोन महिने रोज संध्याकाळी फोटोवरून पद्मपाणीचा चेहरा काढत होते, आधी पेन्सिलने. पेन्सिलने तर दहा मिनिटांत तो पद्मपाणी राहत नाही, तो डोळे मिटून बसलेला कुणी देखणा शेजारी होतो, कारण हात आपोआप उजव्या गालाला काळं करायला जातो. मग गेरू पाण्यात कालवून, बारीक ब्रशने, चुना लावलेल्या पाटीवर. शंभरेक भुवया काढल्या असतील. एक बरी आली, ती पण कशी आली मला कळलं नाही, श्वास रोखलेला होता एवढंच आठवतं.

म्हणून मला पेस्तनजी बोमनजी आणि त्याच्या सोबत्यांची तगमग थोडीफार कळते असं वाटतं. तेरा हिवाळे ही माणसं त्या रेषेसमोर बसली. तेवढ्यात शिकायला हवी होती की नाही रेषा? पण कामाचा उद्देश शिकणं हा नव्हता, नोंद करणं हा होता, आणि नोंद साहेबाच्या भाषेत करायची होती, तैलरंग ही ती भाषा.

दुसरी एक गोष्ट लिहिताना त्रास होतो पण लिहायला हवी. चित्रं नीट दिसावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश लावलं गेलं, गिलनेही आणि ग्रिफिथ्सच्या तुकडीनेही. ओलं बोट दगडावर फिरवलं की जसा रंग खुलतो तसा तो क्षणभर खुलतो. मग वर्षं गेली की व्हार्निश पिवळं पडतं, त्यावर धूळ बसते, आकसतं, आणि आकसताना खालचा रंग ओढून पापुद्रा सोडवतं. पुढे निजाम सरकारने 1920 मध्ये चेक्कोनी आणि ओर्सिनी अशा दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं, त्यांनी सुटलेले गिलावे भिंतीला परत चिकटवले, बरंच वाचवलं, पण रंग धरून ठेवायला लाखेचा हात दिला आणि तीही कालांतराने काळवंडली. आपले पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ आजवर ते थर काढत आलेत. आज आपण अजिंठ्याचे जे मधाळ, सोनेरी-तपकिरी रंग म्हणतो त्यातला काही भाग पाचव्या शतकाचा नाही, एकोणिसाव्या शतकातल्या व्हार्निशचा आहे.

आणि नकलांचं काय झालं तर त्याही लंडनला गेल्या, 1885 मध्ये तिथे साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. दोन पिढ्यांची नक्कल, दोन आगी. उरलेल्या गुंडाळून गोदामात गेल्या आणि अनेक दशकं तिथेच राहिल्या.

ग्रिफिथ्सला अजिंठा कळला नव्हता का? मला वाटतं त्याच्या काळातल्या बहुतेकांपेक्षा जास्त कळला होता. सोळाव्या लेण्यातल्या मरणाऱ्या राजकन्येच्या चित्राबद्दल त्याने लिहिलंय की फ्लॉरेन्सचा चित्रकार ह्याहून चांगलं रेखाटन करू शकला असता, व्हेनिसचा ह्याहून चांगला रंग देऊ शकला असता, पण ह्याहून जास्त भाव दोघांनाही आणता आला नसता. हे वाक्य खूप ठिकाणी कौतुकाने देतात. मला त्यातलं पहिलं अर्धं टोचतं. अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसून, तिथली रेषा रोज बघून, रेखाटनाचं माप तरी फ्लॉरेन्सचंच. पण ह्याच माणसाने हेही ठामपणे मांडलं की हिंदी विद्यार्थ्याला शिकायला अजिंठ्याहून चांगली उदाहरणं मिळणार नाहीत. हे त्याने कलकत्त्याच्या हॅवेलच्या चळवळीच्या कितीतरी वर्षं आधी म्हटलंय. आणि म्हणून तो मुंबईला परत आला आणि प्लास्टरचे पुतळे बाजूला काढले असं झालं नाही. परीक्षा त्याच, पायऱ्या त्याच.

हॅवेलने ते बाजूला काढायची हिंमत केली. तो मद्रासहून 1896 मध्ये कलकत्त्याच्या शाळेचा प्रमुख म्हणून आला, अभ्यासक्रम बदलायला लागला, पुढे शाळेच्या गॅलरीतली युरोपियन चित्रं विकून टाकून त्या जागी मुघल आणि इतर हिंदी चित्रं घेतली, आणि 1905 मध्ये अवनींद्रनाथ टागोरांना शाळेत उपप्रमुख म्हणून आणलं. आपल्याला वाटेल विद्यार्थ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल. उलट झालं. विद्यार्थी बिथरले, वर्तमानपत्रांनी ओरडा केला, त्याच्या पहिल्याच वर्षांत काही विद्यार्थी बाहेर पडून स्वतःची वेगळी शाळा काढून बसले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं, की तुमच्या मुलांना तिकडे अकॅडमीत तैलरंग आणि मानवी शरीर शिकवता, आणि आम्हाला मात्र परंपरा सांभाळा म्हणता, म्हणजे आम्ही कायम कारागीरच राहायचं का?

ह्या प्रश्नापासून मी अजून तोंड फिरवू शकत नाही. कोल्हापूर, सावंतवाडी, गोवा, कुठून कुठून मुलं मुंबईला येत होती, कित्येकांना गावी पाटावर रंगवणं, गणपती घडवणं येतच होतं, ते सोडून ती आलेली. कोल्हापूरहून 1890 मध्ये आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना जे.जे.ने जे दिलं त्यातून पुढे आपल्या घराघरातली लक्ष्मी, शिवाजीमहाराज, रस्त्यावरच्या बायका, लग्नाची वरात, सगळं उभं राहिलं. 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं तेव्हा ते विद्यार्थीदशेतून जेमतेम बाहेर पडत होते. धुरंधरांची नऊवारीतली बाई ज्या नजरेने उभी राहते ती नजर कुठल्या प्लास्टरच्या पुतळ्यात नव्हती, पण तिचं वजन एका पायावर कसं येतं हे त्यांना पुतळ्यासमोर बसूनच कळलं होतं.

तशीच गणपतराव म्हात्रेंची मंदिरपथगामिनी. 1896 च्या सुमाराचं काम, विद्यार्थी असताना केलेलं, प्लास्टरमध्ये. पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मराठी तरुणी, नऊवारीच्या चुण्या अंगाला बिलगलेल्या. जॉर्ज बर्डवूडसारखा मुंबईत बरीच वर्षं घालवलेला, हिंदी कारागिरीवर अधिकाराने लिहिणारा साहेब तिच्यावर फिदा झाला. तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथांनीही तिच्यावर लेख लिहिला. आणि तोच बर्डवूड 1910 मध्ये लंडनच्या एका सभेत जावाच्या बुद्धमूर्तीच्या छायाचित्राकडे बोट दाखवून म्हणाला की चरबी घालून उकडलेलं पुडिंग जेवढी शांती दाखवेल तेवढीच ही दाखवते. त्यावर तिकडचे कलावंत चिडले, जाहीर निषेध झाला.

मी हे दोन प्रसंग मनात शेजारी शेजारी ठेवून खूप वेळ विचार केलाय. बर्डवूडला म्हात्रेंची बाई का आवडली आणि बुद्ध का नाही? माझं उत्तर परत सरांच्या वाक्याकडेच जातं. मंदिरपथगामिनीच्या अंगावर उजेड पडतो, चुण्यांत सावली साठते, तिच्या गुडघ्याला गुडघा आहे. बुद्धमूर्तीला गुडघ्याची वाटी दाखवायची गरजच वाटलेली नाही, ती श्वासाने भरलेली आहे, स्नायूंनी नाही. ज्याला एकच व्याकरण येतं त्याला दुसरी भाषा म्हणजे चुकीची भाषा वाटते. बर्डवूड अडाणी नव्हता, हिंदुस्थानचा द्वेष्टाही नव्हता, म्हणून तर जास्त लागतं.

बंगालने ह्याच्या उलट टोक धरलं आणि तिथेही माझं पूर्ण समाधान होत नाही. लेडी हेरिंगहॅम ह्या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या नकला करायला काढलेल्या मोहिमेत नंदलाल बोस, असित हालदार वगैरे तरुण 1909 ते 1911 मध्ये अजिंठ्याला आले, तैलरंग न घेता, आणि रेषा पकडायला बसले. नंदलालना ती खरंच सापडली, आयुष्यभर पुरली. पण बंगालचा म्हणून जो धूसर वॉश प्रसिद्ध झाला, कागद पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून रंग विरवलेला, तो अवनींद्रनाथांनी 1903 मध्ये कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांचं काम बघून घडवला. अवनींद्रनाथ स्वतः आधी युरोपियन शिक्षकांकडे शिकलेले. त्या वॉशमध्ये अजिंठ्याची ती कडक, एका दमाची रेघ धुक्यात जाते. देशी म्हणून जे मिरवलं गेलं त्यातही बाहेरचं होतं, आणि ते काही पाप नव्हे, फक्त तसं कबूल केलं गेलं नाही.

मुंबईत ह्या सगळ्याला उत्तर म्हणून जे.जे.चा प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन आला, 1919 मध्ये त्याने जिवंत मॉडेलसमोर बसून काढायचा लाइफ क्लास पक्का केला आणि पाठोपाठ भित्तिचित्रांचा वर्ग काढला. त्याचं म्हणणं की दोन्ही द्या, शरीरही शिकवा आणि हिंदी सजावटही. ह्या वर्गातल्या मुलांनी 1920 च्या दशकाच्या शेवटी दिल्लीच्या सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये भिंती रंगवल्या. बंगालवाल्यांनी त्याला दुकानदारी म्हटलं, मुंबईतल्याच काही समीक्षकांनीही झोडपलं. त्या चित्रांत मला तरी सांधा दिसतो, अंग लाइफ क्लासमधलं आणि मागची वेलबुट्टी दुसऱ्या वर्गातली. पण ह्याच धडपडीतून जगन्नाथ अहिवासी आले, मथुरेजवळच्या बलदेवचे, देवळाच्या संगीतात आणि मूर्तीमागे टांगायच्या रंगवलेल्या पडद्यांत, पिछवाईत वाढलेले, आणि पुढे जे.जे.मध्ये भारतीय शैलीचा वर्ग त्यांनी चालवला. रंग घोटणं, कागद घोटणं, खारीच्या केसांचा ब्रश, एका दमाची रेघ, हे तिथे हाताने हाताला शिकवलं जायचं.

फक्त तो एक वर्ग होता. एक खोली. बाकी सगळी इमारत म्हणजे नुसती चित्रकला, आणि ती एक खोली म्हणजे भारतीय चित्रकला. ग्रेड परीक्षांपर्यंत तर ती खोली कधी पोचलीच नाही, भुसावळला पोचायचा प्रश्नच नव्हता.

मागच्या वर्षी माझी भाची एलिमेंटरीला बसली. परीक्षेच्या आदल्या रविवारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर सराव करत होतो, तांब्या, दोन लिंबं आणि माझी जुनी ओढणी मांडून. ती म्हणाली, "मावशी, उजेड डावीकडून घेऊ ना?" मी म्हटलं घे, परीक्षेत तसंच काढ. तिने छान काढला तांब्या, सावली व्यवस्थित टेकलेली. तो झाल्यावर मी चुना दिलेली पाटी आणि गेरूची वाटी आणली, तांब्या तिथेच ठेवला, आणि तिला म्हटलं आता ह्याचं पोट एका रेघेत काढ, ब्रश उचलायचा नाही, छटा द्यायची नाही, पण तांब्या भरलेला आहे हे कळलं पाहिजे.

ती बराच वेळ तांब्याकडे नुसती बघत बसली. मग उठली, तांब्या उचलून दोन्ही हातांत धरला, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला, परत ठेवला आणि ब्रश बुडवला.